एक्केचाळिसाव्या दृश्याची कोरी ओळ

परभणीला जाते म्हटल्यावर पुण्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, तिथे पाहण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, चित्रपट. नवरा गेल्यावर बाईचं थोडं इकडंतिकडं होतं, असं त्यांनी मनाशी धरलं असावं, आणि मीही ते खोडून काढलं नाही.

खरी गोष्ट अशी होती. विनायक, माझा नवरा, गेला त्याला तेव्हा नऊ महिने होत आले होते. त्याचं काम जरा चमत्कारिक होतं. ऐतिहासिक चित्रपट काढणारे लोक त्याच्याकडे संहिता पाठवत आणि तो त्यातलं खरं-खोटं तपासून देई. तपासलेल्यातलं फार थोडं ते स्वीकारत, पण त्याचं नाव मात्र न चुकता पडद्यावर घालत. शेवटचं काम परभणी जिल्ह्यातल्या एका गावावरच्या चित्रपटाचं होतं. ते थोडं राहिलं. आता चित्रपट पुरा झाला होता आणि दिग्दर्शक निखिल याचा फोन आला होता. ‘ऐतिहासिक संशोधन’ या शीर्षकाखाली सरांचं नाव द्यायचं आहे, त्यासाठी तुमची सही हवी, येऊन एकदा बघून जा. चित्रपटाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लवकरच ते तुम्हाला भिंतीभिंतीवर दिसेल. गावाचंही लिहीत नाही. गावाला त्याची गरज लागेल तेव्हा ते स्वतः सांगेल.

मी विनायकची वही घेऊन निघाले. तीस वर्षं त्याची टिपणं मीच टंकलिखित करून दिली होती, त्यामुळे वहीची मांडणी मला पाठ होती. पानावर चार रकाने: दृश्य, दावा, पुरावा, शेरा. पहिल्या दृश्यापासून साठाव्यापर्यंत सगळ्या ओळी भरलेल्या होत्या. फक्त एक्केचाळिसावी कोरी होती. दवाखान्याच्या धावपळीत राहून गेली असेल, असं मी धरून चालले होते.

परभणी, पहिला दिवस

सकाळी नऊ वाजता एका जुन्या चित्रपटगृहात खास खेळ होता. प्रेक्षक आम्ही अकराजण. निखिल परभणीचाच, पस्तिशीचा, बोलायला गोड आणि स्वतःच्या कामावर मनापासून प्रेम करणारा. त्याने मला मधल्या रांगेत बसवलं, चहा आणवला आणि अंधार झाला.

पहिली दहा मिनिटं आवाजच आला नाही. कोणी काही बोललं नाही. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर शेजाऱ्याला सांगितलं की हे मुद्दाम ठेवलेलं आहे. मला मात्र ही दहा मिनिटं देणगीसारखी मिळाली. विनायक प्रत्येक चित्रपट पहिल्यांदा आवाज बंद करूनच पाहायचा. संगीत चालू असलं की माणूस रडायला लागतो, आणि रडणाऱ्याला मागची झाडं दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

तेव्हा मी मागची झाडं पाहिली. काळ निजामाच्या राज्यातला, अगदी शेवटच्या वर्षांतला. नायिका शेताच्या बांधावरून धावत होती आणि दोन्ही अंगांना हिरवंगार सोयाबीन डोलत होतं. हे पीक या भागात आलं तेव्हा निजामाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हा इथे ज्वारी आणि कापूस दिसायला हवा. बांधावर गाजरगवत फुललेलं होतं, तेही पुढच्या दशकातलं. पुढे ती एका कालव्यात उडी घेऊन पोहत पलीकडे गेली. सिमेंटचं अस्तर असलेला कालवा. धरणाआधी कालवा आला, हा चमत्कार मी मुकाट्याने टिपून घेतला.

मग आवाज आला आणि सगळे एकमेकांकडे बघून हसले.

एकोणचाळिसाव्या दृश्यात शेतसाऱ्याची पावती दिसते. तिच्यावर इंग्रजी महिना आणि सन. विनायकने संहितेतच लिहून ठेवलं होतं: निजामाच्या दफ्तरात फसली सन, त्यात साधारण पाचशे नव्वद मिळवले की आपला सन येतो, महिन्यांची नावं फारसी, कागद उर्दूत, चलन हाली शिक्क्याचं, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या रुपयाचं. निखिलने त्यातला उर्दूचा भाग घेतला होता. सरकारी नाक्यावर भली मोठी उर्दू पाटी लावली होती.

आणि मग ते एक्केचाळिसावं दृश्य. गावाबाहेर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाच्या राज्यातला जकातीचा. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला बाकडं, बाकड्यावर शिपाई. नायिका रुक्माबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन येते. एका भाकरीच्या पापुद्र्यात चिठ्ठी लपवलेली आहे. शिपाई भाकरी मोडायला लागतात, तशी ती बाकड्यावरचा कंदील उचलते आणि नाक्याच्या दफ्तरावर फेकते. आग. संगीत. पडद्यावर अक्षरं: ‘सत्य घटनेवर आधारित’. त्यांच्या खाली विनायकचं नाव.

त्याचं नाव ज्वाळांत छान दिसत होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. बाहेर आल्यावर निखिलने सहीचा कागद पुढे केला. मी म्हटलं, वहीतली एक ओळ राहिली आहे, ती भरते आणि सही करते. तो म्हणाला, एका ओळीनं काय होतंय काकू, सरांनी बाकीचं सगळं पाहिलं होतं ना. मी म्हटलं, म्हणूनच.

खरं सांगायचं तर मला एवढीच भीती होती. त्याच्या पश्चात त्याच्या नावावर, त्याने न तपासलेली गोष्ट खपू नये. त्याच्याकडे दुसरी इस्टेट नव्हती.

दुपारी निखिलने आपले पुरावे दाखवले. ते तीन होते आणि त्याला त्यांचा अभिमान होता: ग्रामपंचायतीची स्मरणिका, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातला लेख आणि गावातल्या पाच म्हाताऱ्यांच्या मुलाखती. मी तारखा मांडायला बसले. लेखकाने खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं की माहिती स्मरणिकेतून घेतली. स्मरणिकेत लिहिलं होतं, ‘जुने जाणकार सांगतात’. आणि पाच जाणकारांपैकी तिघांचा जन्म निजाम गेल्यानंतरचा, उरलेले दोघे तेव्हा पाळण्यात. म्हणजे तीन पोहरे खरे, पण विहीर एकच. साक्षीदार किती यापेक्षा ते एकमेकांपासून वेगळे आहेत का, हे आधी पाहायचं असतं. आणि गोष्ट पहिल्यांदा कधी कागदावर आली, ते शोधायचं. ही आली होती स्मरणिकेत, नव्वदीच्या आसपास. त्याआधीच्या चाळीस वर्षांत शब्दही नाही.

निखिल म्हणाला, गावात नाका होता हे तर सगळ्यांना माहीत आहे. मी नकाशा मागितला. करोडगिरी वसूल व्हायची ती राज्याच्या सरहद्दीवर, नाहीतर रेल्वेच्या स्टेशनावर. हे गाव दोन्हींपासून लांब, आडवाटेला. इथे नाका घालून निजामाने कोणाकडून जकात घेतली असती, मेंढ्यांकडून?

तो थोडा वेळ नकाशा पाहत राहिला. मग म्हणाला, बांबू मात्र फार मस्त दिसतो.

ताडकळसच्या वाटेवर, दुसरा दिवस

निखिलने जीप दिली. चालक मजीदभाई झरीचे, साठीला आलेले. चित्रीकरणाच्या वेळीही गाडी त्यांचीच होती. जानेवारीची सकाळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली. कालच्या पडद्यापेक्षा हे शेत कितीतरी जुनं वाटत होतं.

मी नाक्यावरच्या उर्दू पाटीची गोष्ट काढली. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. लहानपणी ते उर्दू शिकले होते. चित्रीकरणाच्या दिवशी पाटी लावली तेव्हा ते समोर उभे होते. संगणकावर कोणीतरी मजकूर चिकटवला होता. त्यात अक्षरं एकमेकांना जोडली गेली नव्हती आणि वर डावीकडून उजवीकडे लागली होती.

“ते उर्दू न्हाई मॅडम,” ते म्हणाले. “उर्दूची हाडं हायेत ती. मोजून ठेवल्यावानी.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

“मला कोन इचारलं? मी डायवर.”

माझ्या नवऱ्याच्या धंद्यातलं हे सर्वात जुनं दुखणं. कपडेपटासाठी विद्वानांना विचारतात, झाडांना कोणी विचारत नाही, आणि ज्याला वाचता येतं तो गाडीत बसलेला असतो.

ताडकळसला चहा घेतला. पुण्यात चहा घेणार का असं विचारतात आणि नाही म्हटलं की बरं वाटल्यासारखा चेहरा करतात. इथे विचारत नाहीत, कप येतोच, आणि नको म्हटलं की माणूस खरंच दुखावतो. मी दोन कप प्यायले. मजीदभाईंनी दुकानदाराला माझी ओळख करून दिली, सरांच्या मंडळी. दुकानदाराने थेट विचारलं, “काय झालं होतं सरांला?” पुण्यात नऊ महिने मला कोणी असं विचारलं नव्हतं. तिथे लोक हवामानावर बोलत. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, “लय हळू बोलायचे सर.” त्या माणसाने विनायकला पाहिलं होतं, हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला.

लग्नाआधी विनायक या भागात चार वर्षं शिक्षक होता, एवढं मला ठाऊक होतं. त्याहून जास्त तो कधी सांगत नसे. मीही विचारलं नाही. बायकोने नवऱ्याच्या लग्नाआधीच्या वर्षांचे पुरावे मागू नयेत, असा आमच्या पिढीत शिरस्ता होता.

गावात

प्रत्यक्षातली रुक्माबाई होती, ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच पक्की झाली. तिचा नातू कोंडिबा मेंढरांना पाणी दाखवून परत येत होता. मेंढरांनी जीपला घेरलं आणि मी खाली उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणीच त्याच्या ओट्यावर गेले. संशोधकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न तिथेच मिटला.

कोंडिबाने आतून प्लास्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि त्यांत एक पिवळा पडलेला कागद: स्वातंत्र्यसैनिकाच्या मानधनासाठी आजीने केलेल्या अर्जाची प्रत, खाली अंगठा. तारीख पाहिली. विनायक या भागात येण्याच्या तीन वर्षं आधीची. कोणीतरी अर्जनवीसाने लिहिलेला मजकूर दोनच ओळींचा होता. रानात लपलेल्या माणसांना मी चार महिने रोज भाकरी पोचविली, सबब मानधन मंजूर व्हावे.

नाका नाही. चिठ्ठी नाही. आग नाही.

एखादी गोष्ट कागदात नाही म्हणून ती घडलीच नाही, असं म्हणता येत नाही. विनायक हे प्रत्येकाला बजावायचा. पण तो पुढे विचारायचा, ती गोष्ट या कागदात यायलाच हवी होती का? इथे हवी होती. मानधन मागणारी बाई सरकारी दफ्तर जाळल्याचं विसरेल आणि भाकरी तेवढी लिहील, हे कसं होईल? आग लावली असती तर अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला असता. तो झालाच नव्हता. भाकरीला पुरावा नसतो.

मी कोंडिबाला विचारलं, आजी आगीचं काही सांगायची का?

“न्हाई बा,” तो म्हणाला. “पर आता समदं गाव म्हनतंय. लावली आसंल.”

मग त्याने हसून सांगितलं की चित्रपटातली बाई आजीपेक्षा लय गोरी आहे, त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही.

जेवायला त्याने शेजारच्या सुशीलाबाईंकडे नेलं. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या, ठसठशीत, मोठ्यानं बोलणाऱ्या. गरम धपाटे, दही, वर शेंगदाण्याची चटणी. तिसरा धपाटा मी नको म्हणायच्या आत ताटात पडला. मी कोण हे कळल्यावर त्या हातातलं उलथणं तसंच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. कुलकर्णी सरांनी त्यांना आठवीत शिकवलं होतं.

मी जुन्या लोकांना विचारायचे प्रश्न विचारायला लागले. तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं, कोणाकडून ऐकलं, पहिल्यांदा कधी. उत्तर सुचवेल असा प्रश्न विचारायचा नाही, म्हणून ‘नाका कुठे होता’ असं न विचारता, ‘गावाबाहेर तेव्हा काय होतं’ असं विचारलं. त्या म्हणाल्या, “काई नव्हतं. बाभळी होत्या.”

मग नाका?

“नाका शाळंत होता,” सुशीलाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

हसू आवरल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. स्नेहसंमेलनाला सरांनी नाटक लिहिलं. मुलांना आपल्या गावचा इतिहास कळावा म्हणून रुक्माबाईंवर लिहिलं. पण नुसत्या भाकरी देण्याचं नाटक बसेना. बाई येते, भाकरी ठेवते, जाते. मुलं कंटाळली. शाळेत सामान म्हणाल तर एक बांबू, एक बाकडं आणि एक कंदील. सरांनी बांबू आडवा बांधला, बाकड्यावर दोन पोरं शिपाई करून बसवली आणि तिसऱ्या दिवशी कंदिलाचा प्रवेश लिहून आणला. आग लाल कागदाची होती, मागून दोघं हलवायचे.

“आन रुक्माबाई कोन, म्हाईत हाय का? मी,” त्या म्हणाल्या. “आमी ते नाटक चार गावांत केलं. लोक रडायचे. पुढं आमच्याच पोरान्ला कोनी इतिहास इचारला की त्येच सांगायलेत. मी पयले म्हनायचे, आगं ते नाटक हाय. मग सोडून दिलं. येवढं मोठं गाव कुठं खोटं पाडायचं.”

मी ताटाकडे पाहत होते. वहीतली बेचाळीस, त्रेचाळीस, पुढच्या सगळ्या ओळी भरलेल्या होत्या, याचा अर्थ आत्ता मला नीट कळला. राहून गेली नव्हती ती ओळ. चाळीस वर्षांनी त्याच्याकडे तपासायला आलेली संहिता त्याचीच होती. तो पेन घेऊन बसला असेल, पुरावा या रकान्यावर थांबला असेल, आणि पुढच्या ओळीवर गेला असेल. दुसऱ्यांची एवढीशी टोपी चुकली तरी न सोडणारा माणूस.

मी विचारलं, खऱ्या रुक्माबाईंनी ते नाटक पाहिलं का?

पाहिलं होतं. सरांनी त्यांना पहिल्या ओळीत बसवलं होतं. नाटक झाल्यावर सर पाया पडायला गेले. सुशीलाबाई कंदील हातात घेऊन शेजारीच उभ्या होत्या, त्यामुळे हे त्यांनी स्वतः ऐकलेलं, कोणाकडून आलेलं नाही.

“म्हातारी म्हनली, मास्तर, पोरगी लय चांगली हाय. पर म्या आग लावत बसले आसते तर भाकरी कुनी थापल्या आसत्या?”

सर काय म्हणाले?

“काईच न्हाई. सर लय हळू बोलायचे. त्या दिवशी बोललेच न्हाईत. पुढच्या साली बदली मागून गेले.”

कोंडिबाने माझी चप्पल खिळा मारून आणून दिली होती. ती घालून मी निघाले. सुशीलाबाईंनी माझ्या ताटात तसाच राहिलेला तिसरा धपाटा आणि वर आणखी चार कागदात बांधून दिले.

परभणी, तिसरा दिवस

निखिलला मी सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याचा चेहरा खरंच उतरला. मग त्याने विचारलं, म्हणजे चित्रपट खोटा?

त्याला मी विनायकच्या रीतीने उत्तर दिलं. संवाद कोणी टिपून ठेवलेले नसतात, ते रचावेच लागतात; त्याला खोटं म्हणत नाहीत. दोन माणसांचं मिळून एक पात्र केलं, चार महिन्यांचे चार दिवस केले, तरी चालतं. सोयाबीन आणि पाटी या वस्तूंच्या चुका आहेत, त्या लाजिरवाण्या आहेत पण त्यांनी कोणाचं चरित्र बदलत नाही. आणि काहीही चुकीचं न दाखवताही चित्रपट खोटा होऊ शकतो, कोणाला वगळलं त्यावरून; म्हणून काय दाखवलं नाही तेही पाहायचं. इथे मात्र बाईने जे केलं ते काढून न केलेलं घातलं आहे. भाकरीचं धाडस लहान वाटलं म्हणून तिला आग दिली. ही चूक दुरुस्त होत नाही, कबूल करावी लागते.

तो म्हणाला की ‘आधारित’च्या जागी ‘प्रेरित’ करता येईल. मी म्हटलं, तुमची अक्षरं तुमची. माझ्या हातात एकच नाव आहे.

“मग सरांचं नाव काढू?” त्याने विचारलं. विचारताना त्याचा आवाज खाली आला.

मी रात्रभर याच उत्तरावर होते, आणि रात्रभर मला ते सोपं वाटत होतं. नाव काढून टाकायचं. वही मिटायची. चाळीस वर्षांपूर्वीचा तो बांबू कोणाला कळणार नाही. मग वाटलं, हे केलं तर मी तेच करते आहे जे त्याने केलं. ती ओळ मी कोरी ठेवते आहे.

“काढू नका,” मी म्हटलं. “जागा बदला. संशोधनाखालून काढा आणि ‘कथा’ या शब्दापुढे लिहा. ती त्याचीच आहे.”

निखिल उजळला. कथेचं नाव संशोधनाच्या आधी येतं, मोठ्या अक्षरांत येतं आणि लोक ते वाचतात, असं त्याने मला समजावून सांगितलं. सरांना आयुष्यभर जे मिळालं नाही ते आता मिळेल. त्याला हा सन्मान वाटत होता, आणि मी त्याचा आनंद मोडला नाही. नव्या कागदावर सही केली. मजीदभाई दारात उभे होते. त्यांना बोलावून निखिलने विचारलं की पाटी नीट लिहून द्याल का. “आता इचारलं,” असं म्हणून त्यांनी खिशातून पेन काढला.

मी वही उघडली. दृश्य: एक्केचाळीस. दावा: आग. पुरावा: आठवीच्या स्नेहसंमेलनातलं नाटक, लेखक वि. कुलकर्णी, साक्षीदार सुशीलाबाई, स्वतः पाहिलेलं. शेऱ्याच्या रकान्यात तो नेहमी काय हवं होतं ते लिहायचा, एकाच शब्दात, कारण रकाना अरुंद असे.

मी लिहिलं: भाकरी.

मग सुशीलाबाईंनी बांधून दिलेला कागद सोडून त्यातला शेवटचा धपाटा खाल्ला.